आडनावाचा रकाना

शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसला, म्हणजे विमान सुटायला बरोबर चोवीस तास उरले असताना, मुलगा फोन घेऊन आईचं चेक-इन करायला बसला. आई तेव्हा जमिनीवर बसून बॅग तिसऱ्यांदा भरत होती. दाभण आणि सुरी मोठ्या बॅगेत, हे ठरलं होतं. घडी दाबायची हाडाची पट्टी सोबत ठेवू देतील का, यावर तिचं अजून ठरत नव्हतं.

गल्लीत तिला सगळे बाइंडरबाई म्हणत. वय छप्पन. तीस वर्षं पुस्तकं शिवत आणि बांधत आलेली. दूरच्या एका देशातल्या ग्रंथालयानं तिला तीन आठवड्यांसाठी बोलावलं होतं. तिच्या हातची एक जुन्या पद्धतीची शिवण तिथल्या सहा शिकाऊ बाइंडरांना शिकवायची होती. सोमवारी पहिला वर्ग. आजवर ती कधी विमानात बसली नव्हती, आणि गेले आठ दिवस तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

मुलगा एकदम पुढं वाकला. फोन पुनःपुन्हा चाचपू लागला. आईचा पासपोर्ट स्कॅन करून झाला होता, आणि स्क्रीनवर आलं होतं की प्रवाशाची माहिती पासपोर्टशी जुळत नाही, विमानतळावर किंवा कार्यालयात संपर्क साधा.

"काय झालं रे दादू?"

तो म्हणाला की नेट हळू आहे. पण त्याला खोटं बोलता येत नसे. लहानपणापासून कान लाल व्हायचे, तसे झाले. आईनं उठून त्याच्या हातातून फोन घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि दीड महिन्यात पहिल्यांदाच स्वतःचं तिकीट वाचलं. फर्स्ट नेमच्या पुढं तिचं तीन अक्षरी नाव होतं. लास्ट नेमच्या पुढं होतं तिच्या नवऱ्याचं आडनाव.

नवरा म्हणायचं ते जुन्या सवयीनं. घटस्फोटाला अकरा वर्षं झाली होती. त्याचा छापखाना होता. त्याच छापखान्याच्या मागच्या खोलीत ती बांधणी शिकली, तिथंच वीस वर्षं राबली, आणि बांधलेल्या प्रत्येक पुस्तकावर शिक्का त्याच्या आडनावाचा पडत गेला. वेगळी झाल्यावर तिनं एकेका कागदावरून ते आडनाव काढलं. माहेरचं लावा, असं कचेरीतल्या माणसानं सुचवलं, तर म्हणाली, एकाचं उतरवून दुसऱ्याचं कशाला चढवू? नवा पासपोर्ट आला तेव्हा त्यात सरनेमची ओळ कोरी होती आणि खाली गिव्हन नेमच्या ओळीत तिचं नाव, एवढंच. व्हिसा आला तोही त्याच एका नावावर.

ती ओरडली नाही. फोन टेबलावर पालथा ठेवला.

"हे तू टाकलंस?"

मुलानं होकारार्थी मान हलवली. मग जे झालं ते सांगत सुटला. विमान कंपनीच्या साइटवर लास्ट नेमचा रकाना कोरा सोडला की लाल अक्षरं यायची. टिंब टाकलं, घेतलं नाही. आडवी रेघ टाकली, घेतली नाही. नाव मधोमध तोडून अर्धं इकडं अर्धं तिकडं टाकावं असंही मनात आलं. स्वस्त भाडं दहा मिनिटं राखून ठेवतात, वरचं घड्याळ उलटं पळत होतं. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा त्यानं हाताला आलं ते टाकलं. नंतर सांगू म्हणत राहिला, आणि रोज सांगायचं राहून गेलं.

"दुसरं कुठलंही नाव टाकलं असतंस," आई म्हणाली. "कुठलंही."

"माझ्याकडे एकच आडनाव आहे, आई. मला तेच सुचलं."

 सत्तावीस वर्षं ते आडनाव त्याचंही होतं, हे ती अधूनमधून विसरत असे. तिनं पायात चपला घातल्या. पासपोर्ट, तिकिटाची प्रत आणि निमंत्रणाचं पत्र पिशवीत टाकलं आणि त्याच्यासाठी न थांबता जिना उतरली. तो कुलूप लावून मागून पळाला.

इमारतीच्या खालच्याच मजल्यावर एका बाईंची प्रवासाची एजन्सी होती. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर जगाचा नकाशा. तिकिटं काढण्यात बाईंचे केस पांढरे झाले होते. हे तिकीट त्यांच्याकडून काढलं असतं तर चार पैसे जास्त गेले असते, म्हणून मुलानं घरीच काढलं होतं. आता त्यांच्या दारात उभं राहताना तो नजर चुकवून नकाशाकडे पाहत राहिला. बाईंनी टोमणा मारला नाही. पासपोर्ट उघडला, तिकीट वाचलं आणि नाकावरचा चष्मा काढून ठेवला.

"ताई, हे असं विमानतळावर नेलंत तर काउंटरवरूनच परत पाठवतील. तिकिटावर एक बाई आहे आणि पासपोर्टवर दुसरी. तुमचा चेहरा बघून कोणी पटवून घेणार नाही."

मुलानं विचारलं की मग लिहायला काय हवं होतं? पासपोर्टवर आडनावच नाही, आणि रकाना तर कोरा चालत नाही.

एजन्सीवाल्या बाईंनी पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी छापलेल्या दोन ओळींवर बोट ठेवलं. बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या त्या ओळी यंत्रासाठी असतात. त्यात आधी आडनाव येतं, मग दोन बाण, मग नाव. पण ज्याला नाव एकच, त्याचं ते एकच नाव पहिल्या जागेवर, आडनावाच्या जागी येतं आणि पुढं नुसते बाणच बाण. म्हणजे यंत्राच्या लेखी बाइंडरबाईंचं नाव हेच त्यांचं आडनाव होतं. म्हणून बऱ्याच कंपन्या सांगतात की एकुलतं नाव लास्ट नेमच्या रकान्यात घाला, आणि फर्स्ट नेममध्ये एफएनयू लिहा. काही कंपन्या म्हणतात, तेच नाव दोन्ही रकान्यांत लिहा. ज्या कंपनीचं तिकीट तिचा नियम चालतो. तो तिच्या साइटवर लिहिलेला असतो किंवा फोनवर विचारायचा असतो, तिकीट काढायच्या आधी.

"आणि मनानं आडनाव शोधून घालायचं नाही. बापाचं नाही, नवऱ्याचं नाही, देवाचंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

मुलाचे कान पुन्हा तापले.

आई मात्र एका शब्दावर अडली होती. एफएनयू म्हणजे काय? बाईंनी सांगितलं, फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही, याचं ते लघुरूप आहे. आईला ते आवडलं नाही. माहीत कसं नाही, समोर लिहिलंय की, असं ती पुटपुटली. पण वाद घालायला वेळ नव्हता. एजन्सीवाल्या बाईंनी या कंपनीचा नियम शोधून काढला. एकच नाव आडनावात, पुढं एफएनयू. तिकीट त्यांच्याकडून निघालेलं नसल्यामुळं त्यांना त्याला हात लावता येत नव्हता. ज्यानं काढलं त्यानंच जायचं, थेट कंपनीकडे. फोनवर दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा पलीकडची मुलगी म्हणाली की नावात बदल होत नाही, तिकीट रद्द करून नवीन घ्या. नवीन तिकीट बघितलं तर शनिवारच्या विमानात जागाच नव्हती.

तेव्हा बाईंनी दोघांना शहरातल्या कंपनीच्या कार्यालयात पाठवलं आणि जाताना एकच गोष्ट बजावली. "बदल हा शब्द तोंडातून काढू नका. बदल म्हणजे एका माणसाचं तिकीट दुसऱ्याला देणं. तुम्हाला दुरुस्ती हवीय. माणूस तोच, लिहिताना चूक झाली. आणि चेक-इन झालेलं नाही ते बरंच झालं, नाहीतर आणखी गुंता झाला असता."

कार्यालय काचेच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. साडेचारला बंद होत असे. तिथं पोचायला सव्वाबारा वाजले. नंबराचा कागद हातात आला त्यावर सेहेचाळीस, आणि समोरच्या पाटीवर एकोणतीस. आई बसली, उठली, पाण्याच्या मशीनपाशी गेली, पाणी न पिताच परत आली. मुलानं दोन वेळा सॉरी म्हणायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा ती पाटीकडे बघत होती.

काउंटरवरच्या कारकुनानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिशीचा, हळू बोलणारा माणूस. त्यानं पासपोर्ट यंत्राखाली धरला, तिकीट उघडलं आणि म्हणाला की दुरुस्ती करता येईल. पण स्पेलिंगची चूक असती तर गोष्ट वेगळी. इथं अख्खं आडनाव जास्तीचं आहे. ज्या आडनावानं तिकीट निघालं ती बाई आणि पासपोर्टवरची बाई एकच, हे दाखवणारा एखादा सरकारी किंवा कोर्टाचा कागद लागेल.

"मॅडम, हे आडनाव कधी तुमचं होतं का?"

प्रश्न साधा होता. बाइंडरबाईंनी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. अकरा वर्षं त्यांनी या प्रश्नाला नाही असंच उत्तर दिलं होतं. बँकेत, दवाखान्यात, नव्या गिऱ्हाइकाला. आता नाही म्हटलं तर तिकीट कुणा परक्या बाईचं ठरत होतं.

"होतं," त्या म्हणाल्या.

"मग घटस्फोटाचा कागद आणा. त्यात दोन्ही नावं असतील. साडेचारच्या आत या, मी हे उघडं ठेवतो."

घरी जाताना रस्त्याचं काम चालू होतं. रिक्षा पंधरा मिनिटं एकाच जागी घरघरत राहिली. मुलगा म्हणाला, मी उतरून पळत जातो, कागद कुठं आहे ते सांग. तिला ते सांगायचं नव्हतं. तो कागद त्यानं कधी वाचलेला नव्हता. त्यात त्याच्या बापानं काय काय म्हटलं होतं आणि तिनं काय काय म्हटलं होतं, ते होतं. पण घड्याळात पावणेदोन झाले होते.

"कपाटात खालच्या खणात. लाल कापडाच्या पुठ्ठ्यात," ती शेवटी म्हणाली. "पहिलं आणि शेवटचं पान पुरे. मधलं उलगडू नकोस."

तो धावत गेला. ती रिक्षातच बसून राहिली, मग बसवेना म्हणून उतरली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली, रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं की मी कुठं जात नाहीये. पस्तीस मिनिटांनी मुलगा परत आला तो घामानं निथळत. हातात अख्खं पुडकं होतं. पानं वेगळी काढता येत नव्हती. तिनंच ते एकेकाळी शिवलं होतं, आणि तिची शिवण ओढून सुटत नसे.

"वाचलंस का?"

"नाही," तो म्हणाला. तिनं त्याच्या कानांकडे पाहिलं. ते उन्हानं आधीच लाल होते. काही कळायला मार्ग नव्हता.

तीन वाजता दोघं पुन्हा काउंटरवर उभे होते. कारकुनानं पहिलं पान उघडलं आणि खात्री करून घेण्यासाठी तिचं जुनं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. रांगेतले लोक ऐकत होते अशातला भाग नव्हता, पण तिला तसं वाटलं. मुलगा तिच्या शेजारी सरकला आणि खांद्याला खांदा लावून उभा राहिला. कारकुनानं शेवटचं पान पाहिलं, दोन्हींची छायाप्रत काढली आणि टाइप करू लागला.

अजून एक अडचण निघाली. दुसरं विमान, मधल्या विमानतळावरून पुढं नेणारं, भागीदार कंपनीचं होतं. तिकीट एकच, पण विमानं दोन कंपन्यांची. त्या कंपनीचा होकार आल्याशिवाय नवं तिकीट निघत नव्हतं. एका भागात नवं नाव आणि दुसऱ्यात जुनं असं राहिलं तर मधल्या विमानतळावर अडकायला होईल, असं कारकून म्हणाला. त्यानं निरोप पाठवला. उत्तर पाच मिनिटांतही येतं आणि तासानंही, त्याच्या हातात नव्हतं.

पन्नास मिनिटं लागली. आईनं पिशवीचा पट्टा पिळून पिळून दोरीसारखा केला. चारला कार्यालयातले अर्धे दिवे मालवले गेले. चार वाजून आठ मिनिटांनी कारकुनानं मान वर केली आणि छपाईयंत्राकडे हात केला.

नव्या तिकिटावर नंबर नवा होता. आडनावाच्या जागी तिचं नाव होतं आणि नावाच्या जागी एफएनयू. दोन्ही विमानांपुढं तसंच. मुलानं अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून पाहिलं, मग पुन्हा तिला ताडायला लावलं. कारकून म्हणाला की चेक-इन आता घरून होईल किंवा होणार नाही, न झाल्यास घाबरू नका, काउंटरवर करून देतील. पासपोर्टनुसार नाव एकच आहे, असं त्यानं बुकिंगमध्ये नोंदवून ठेवलं होतं.

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, मी चुकलो."

"सहा आठवडे गप्प बसलास, तिथं चुकलास," ती म्हणाली. "बाकी रकान्याची चूक." थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "मधलं वाचलंस ना?"

"एक पान. रिक्षापाशी येईपर्यंत."

"कुठलं?"

"मी कुणाकडे राहीन ते ठरलं ते."

 रस्ता ओलांडताना तिनं त्याचा दंड धरला, तो पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

शनिवारी विमान वेळेवर सुटलं. मधल्या विमानतळावर तीन तास काढायचे होते. बाइंडरबाई पुढच्या विमानाच्या दाराच्या अगदी समोर बसल्या. दर दहा मिनिटांनी बोर्डिंग पास बाहेर काढून बघत, पुन्हा ठेवत. वरच्या स्पीकरवर सारखी कुणाकुणाची नावं पुकारत होते. फ्नू नावाच्या कुणा बाईला दोनदा बोलावलं. विचित्र नाव, कुणाचं असेल बिचारीचं, असं त्यांना वाटलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा फ्नूच्या मागोमाग वाकडातिकडा उच्चारलेला एक ओळखीचा शब्द आला, त्यांचं स्वतःचं नाव. त्या ताडकन उठल्या.

दारावरच्या मुलीला फक्त व्हिसा बघायचा होता. पुढच्या कंपनीची ती तपासणी अजून झाली नव्हती. तिनं पासपोर्ट उघडला, पडद्यावर पाहिलं आणि हसून विचारलं की फ्नूचा उच्चार बरोबर केला ना?

बाईंना तोडकीमोडकी इंग्रजी येत होती. एफएनयू सलग वाचून फ्नू झालं होतं, हे ध्यानात आल्यावर त्यांनी शब्द जुळवले. ते नाव नाही, तिथं नाव नसल्याची खूण आहे. माझं नाव पुढचं.

मुलीनं त्यांच्याकडून ते म्हणवून घेतलं, एकदा स्वतः म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा बरंच बरोबर म्हटलं आणि पासपोर्ट परत दिला.

उतरायच्या तासभर आधी विमानात प्रवेशाचे कागद वाटले. पहिल्याच ओळीत दोन रकाने होते. आडनाव, आणि खाली नाव. बाई पेन हातात धरून बसल्या. तिकिटासारखं लिहावं की कसं? शेवटी त्यांनी बटण दाबून हवाई सेविकेला बोलावलं, बोटानं दोन्ही रकाने दाखवले. ती म्हणाली, कागद हातानं भरायचाय, पासपोर्टवर जसं छापलंय तसं लिहा. बाईंनी पासपोर्ट शेजारी उघडा ठेवला. सरनेमची ओळ कोरी. त्यांनी वरच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि खालच्यात आपलं नाव लिहिलं. इथं लाल अक्षरं उमटली नाहीत. तरी त्या सही करायच्या आधी दोनदा थबकल्या.

तपासणीच्या खिडकीत बसलेल्या अधिकाऱ्यानं कागद पाहिला, पासपोर्ट पाहिला, रेघेवर पेन टेकवलं.

"आडनाव नाही?"

"नाही."

तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला.  मागची रांग पुढं सरकली तसा कुणाच्या तरी पिशवीचा धक्का लागला. मग त्यानं शिक्का मारला आणि पासपोर्ट खिडकीच्या फटीतून पुढं ढकलला.

बाईंनी तो उचलला आणि जवळजवळ पळतच सामानाच्या पट्ट्याकडे निघाल्या. दाभण आणि सुरी असलेली बॅग अजून यायची होती.